पानाचा दर विचारण्याआधी

लग्न ठरलं की घरातल्या कुणा एकावर कार्यालय बघायची जबाबदारी येते. ती व्यक्ती फोन लावते आणि विचारते, "तुमचा पानाचा दर काय?" पलीकडून एक आकडा येतो. दुसऱ्या कार्यालयातून दुसरा येतो, तिसऱ्यातून तिसरा. रात्री जेवणं झाल्यावर तिन्ही आकडे कागदावर मांडले जातात आणि सगळ्यांची नजर लहान आकड्यावर थांबते. खरं तर हे तीन आकडे तीन निरनिराळ्या गोष्टींचे असतात. एकात हॉलचं भाडं धरलेलं असतं, दुसऱ्यात नसतं. एकात जिलेबी-मठ्ठा असतो, दुसऱ्यात तो मागितला तर वेगळे पैसे. तिसऱ्यात कर लावलेला नसतो. त्यांची तुलना होऊच शकत नाही, आणि याला मालकाची लबाडी हे कारण क्वचितच असतं. त्याला विचारलेल्या प्रश्नात पुरेशी माहितीच नसते.

मालकाची बाजू आधी समजून घेतली, की काय विचारायचं हे आपोआप सुचतं. कार्यालयाचा मालक खरं तर दिवस विकत असतो. मुहूर्ताचा एक रविवार रिकामा गेला तर तो त्याला पुन्हा विकता येत नाही. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतो. मध्ये अधिक मास आला तर तेवढे दिवस बहुतेक घरं लग्न करत नाहीत. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून असा अधिक ज्येष्ठ आला. म्हणजे शाळांच्या सुट्टीतले, पाहुण्यांना सोयीचे असे बरेचसे दिवस गेले, आणि त्या लग्नांचा भार अलीकडच्या-पलीकडच्या तारखांवर पडला. म्हणून तारीख न सांगता दर विचारला तर मालक अंदाजाने मधला काहीतरी आकडा सांगतो. काही कार्यालयांत रविवारचा दर आणि बुधवारचा दर सरळ वेगळा असतो.

केटररचं गणित याहून वेगळं आहे. त्याला त्या दिवसासाठी आचारी, मदतनीस आणि वाढपी सांगून ठेवावे लागतात. त्यांची मजुरी, भांड्यांची ने-आण, टेम्पोचं भाडं हे सगळं दीडशे पानांना जवळपास तेवढंच, जेवढं अडीचशेला. म्हणून तो 'किमान पाने' सांगतो: अमुक पानांपेक्षा कमी लोक जेवले तरी तेवढ्या पानांचे पैसे द्यावे लागतील. पानाच्या दराइतकाच हा आकडा महत्त्वाचा आहे आणि फोनवर तो हमखास विचारायचा राहून जातो. मला तर वाटतं, आधी किमान पाने विचारावीत आणि मग दर.

आता एक घर समोर ठेवू. पुण्यातली मुलगी, नाशिकचा मुलगा. लग्न मुलीकडे, पुण्यात. गुरुजींनी दोन तारखा काढून दिल्या आहेत असं धरू: रविवार, 29 नोव्हेंबर 2026 आणि बुधवार, 2 डिसेंबर 2026. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या आसपास. आदल्या संध्याकाळी सीमांत पूजन, रात्रीचं जेवण, आणि नाशिकची मंडळी कार्यालयातच मुक्कामाला.

पाहुणे किती, या प्रश्नाला घरात सहसा एकच आकडा तयार असतो. "साडेतीनशे धरा." पण कार्यात जेवणं एकापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येक जेवणाची पानं वेगळी. आदल्या रात्री फक्त जवळचे आणि वराकडचे. सकाळच्या नाश्त्याला मुक्कामी असलेले आणि विधींसाठी लवकर येणारे. दुपारी सगळे. तेव्हा आकडा हवा तो तीन वेळांचा. आपल्या या घरात तो असा निघाला: शनिवारी रात्री 90, रविवारी नाश्ता 120, दुपारी 350.

हा 350 कुठून आला, तेही बघण्यासारखं आहे. निमंत्रणांची यादी घेऊन ती तीन भागांत वाटावी. पहिल्या भागात जवळचे नातेवाईक. त्यांच्या घरातलं प्रत्येक माणूस नावाने मोजायचं, कारण ते सगळे येतात आणि नाश्त्यापासून असतात. दुसऱ्या भागात गावातल्याच ओळखीची, शेजारची, सोसायटीतली घरं. पत्रिकेवर 'सहकुटुंब' लिहिलेलं असलं तरी त्यांच्याकडून बहुतेक वेळा दोघं येतात. मुलांची परीक्षा, क्लास, स्वतःचं काम असतं. तिसऱ्या भागात कार्यालयीन सहकारी आणि मित्र. तिथे एका निमंत्रणामागे एक माणूस धरलं तर फारसं चुकत नाही, आणि कामाच्या दिवशी तर त्यातलेही काही अक्षता टाकून जेवणाआधी निघतात. म्हणजे बुधवारी मुहूर्त धरला तर तिसरा भाग आटतो. वराकडचा आकडा आपण अंदाजाने धरू नये. व्याह्यांना स्पष्ट विचारावं, आणि तेही शनिवारी रात्री किती, दुपारी किती, असं वेगवेगळं.

शिवाय जेवणारी काही माणसं कुठल्याच यादीत नसतात. गुरुजी, फोटोग्राफर आणि त्यांचे साथीदार, सनईवाले, डेकोरेशनची पोरं, पाहुण्यांच्या गाड्यांचे चालक. ही पंचवीस-तीस माणसं सहज होतात, आणि त्यांना नीट जेवू घालणं हा यजमानाचा धर्मच आहे. त्यांची पानं मोजली जाणार का, पूर्ण दराने की कमी दराने, हे आधी विचारलं तर नंतर घासाघीस होत नाही. लहान मुलांचंही तसंच. कुणी पाच वर्षांखालचं मूल मोजत नाही, कुणी अर्धं पान धरतो, कुणी ताट उचललं की पान मोजतो.

पानं मोजायची कशी, हाही दराचाच भाग आहे. पंगत असेल तर प्रत्येक पंगतीला किती पानं मांडली ते दोन्हीकडच्या माणसांनी मिळून मोजायचं. बुफे असेल तर जेवण सुरू होण्याआधी ताटांची थप्पी मोजायची आणि शेवटी उरलेली ताटं वजा करायची. इथे घोळ होतो तो असा: गर्दीत ताटं कमी पडतात, वापरलेली ताटं धुऊन पुन्हा मांडली जातात आणि मोजणी हातची जाते. केटररच्या देखरेख करणाऱ्या माणसाबरोबर घरातला एक शांत डोक्याचा मामा किंवा काका उभा राहणार आहे, हे विचारणा करतानाच सांगून टाकावं. चांगल्या केटररला त्याचं काहीच वाटत नाही. उलट तो स्वतःच तसा माणूस मागतो.

गरजांचं म्हणाल तर त्यांची यादी कितीही लांबवता येते. दरावर खरा परिणाम करणाऱ्या तेवढ्याच लिहाव्यात. त्यात वेळ पहिली. 'एक दिवसाचं भाडं' म्हणजे किती ते किती? काही ठिकाणी सकाळी सहा ते दुपारी चार, काही ठिकाणी आदल्या संध्याकाळपासून. आपल्याला सीमांत पूजन करायचं आहे, म्हणजे शनिवारी संध्याकाळी पाचला ताबा हवा. त्या शनिवारी तिथे दुसरं कार्य असेल तर ते कधी आवरणार आणि आपला डेकोरेशनवाला आत कधी शिरणार? हॉल रात्री अकराला मोकळा झाला तर मंडप आणि गौरीहराची सजावट रात्रभर चालते आणि त्याची जादा मजुरी आपल्या बिलात येते. मैदानात किंवा लॉनवर कार्य असेल तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. संध्याकाळचा मुहूर्त असलेल्यांनी हे धरूनच वेळ आखावी.

जेवणात पदार्थांची नावं लिहावीत. 'साधं महाराष्ट्रीय जेवण' असं लिहिलं तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेतो. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी, वरणभात, जिलेबी आणि मठ्ठा असं लिहिलं, की तिन्ही केटरर एकाच ताटाचा दर सांगतात. गोड एक की दोन, याने दर बराच हलतो. सहसा विसरलं जातं ते उपवासाचं. तारीख ठरली की पंचांगात त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आहे का बघावं, आणि असेल तर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी किती जणांना लागेल ते लिहावं. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेल्या जेवणाची पानं वेगळी सांगावीत. कार्याच्या दिवशी आयत्या वेळी कुणी हे सांगितलं तर आचाऱ्याच्या हातात फक्त वरणभात उरतो.

खोल्यांबद्दल विचारताना गरम पाणी किती वाजल्यापासून मिळतं हे विचारावं, कारण विधींसाठी मंडळी पहाटेच उठतात. जनरेटर आहे म्हणाले तर त्यावर वातानुकूलन चालतं की फक्त दिवे आणि पंखे, तेही. आणि वरच्या मजल्यावर जेवण असेल तर लिफ्ट. घरातल्या आजींना जिना चढवत नाही, म्हणून त्यांचं पान खाली आणून देण्याची वेळ येऊ नये.

हे सगळं फोनवर बोलायला गेलं तर अर्धं सांगायचं राहतं. म्हणून फोनवर फक्त एवढंच विचारावं: "29 नोव्हेंबर आणि 2 डिसेंबर, यातली कुठली तारीख मोकळी आहे?" एकही मोकळी नसेल तर पुढचं बोलणंच नको. मोकळी असेल तर म्हणावं, "मी सगळं लिहून पाठवते, आपण त्यावर लेखी दर द्या." मग असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर पाठवावा:

"नमस्कार. आज सकाळी आपल्याशी बोलले. मुलीच्या लग्नासाठी आपलं कार्यालय हवं आहे. पहिली पसंती रविवार, 29 नोव्हेंबर 2026. ते शक्य नसेल तर बुधवार, 2 डिसेंबर 2026. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या सुमारास. ताबा आदल्या संध्याकाळी 5 पासून कार्याच्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत हवा.

पाने अंदाजे अशी: आदल्या रात्रीचं जेवण 90, सकाळचा नाश्ता 120, दुपारचं जेवण 350 (कमीत कमी 310, जास्तीत जास्त 400). दुपारी बुफे, पण ज्येष्ठांसाठी आणि व्याह्यांसाठी 40 पानांची एक पंगत हवी. दुपारचे पदार्थ खाली लिहिले आहेत. जैन पाने 12. मुक्कामी पाहुणे 45. त्यांच्यासाठी खोल्या आणि पहाटे 5 पासून गरम पाणी.

कृपया कळवावे: दोन्ही तारखांचा वेगवेगळा दर, किमान पाने किती, दर करासह की कर वेगळा, वीज, सफाई, जनरेटर भाड्यात धरले आहेत का, बाहेरचा केटरर किंवा डेकोरेशनवाला चालतो का, चालत असेल तर रॉयल्टी किती, पानांचा अंतिम आकडा किती दिवस आधी द्यायचा, आणि अ‍ॅडव्हान्स न देता तारीख किती दिवस धरून ठेवाल. रविवारपर्यंत उत्तर मिळालं तर त्या आठवड्यात कार्यालय बघायला येऊ."

यातला कंसातला भाग, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकच आकडा दिला तर मालक त्या आकड्याला शोभेलसं पॅकेज सांगतो. दोन टोकं दिली की त्याला किमान पानांबद्दल बोलावंच लागतं.

आपल्या घराला दोन उत्तरं आली असं समजू. आकडे उदाहरणापुरते आहेत. गावागणिक आणि कार्यालयागणिक ते बदलतील.

पहिलं कार्यालय म्हणालं: हॉलचं भाडं नाही. दुपारचं पान 850 रुपये, किमान 400 पाने. नाश्ता 150, रात्रीचं जेवण 450. वीज-सफाई त्यातच. कर वेगळा. बाहेरचा केटरर चालणार नाही. दुसरं म्हणालं: हॉलचं भाडं 90,000, वीज आणि सफाई 15,000. बाहेरचा केटरर आणा, दुपारच्या प्रत्येक पानामागे 40 रुपये रॉयल्टी. या दोन्ही रकमांवरही कर वेगळा. त्यांनीच सुचवलेल्या केटररचा दर दुपारी 550, किमान 300 पाने, नाश्ता 110, रात्री 350.

850 आणि 550. पानामागे 300 रुपयांचा फरक, म्हणजे 350 पानांना एक लाखाहून जास्त, असं पहिल्या नजरेला दिसतं. आता पूर्ण बेरीज करू. सध्याच्या नियमांप्रमाणे नुसत्या हॉलच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि केटरिंगवर 5 टक्के; मोठी हॉटेलं सोडली तर हॉल आणि जेवण एकत्र घेतल्यावरही 5 टक्केच. पहिल्याकडे 350 लोक जेवले तरी पैसे 400 पानांचे. नाश्ता, रात्रीचं जेवण आणि कर धरून सुमारे 4,18,400 रुपये. दुसऱ्याकडे भाडं, वीज-सफाई, रॉयल्टी, केटरर आणि सगळ्यावरचा कर मिळून सुमारे 3,89,500. लाखाचा फरक एकोणतीस हजारांवर आला.

आता हीच बेरीज टोकांना करून बघा. 310 लोकच आले तर पहिलं कार्यालय तेवढेच 4,18,400 घेणार, कारण किमान पाने 400. दुसरीकडे खर्च 3,64,500 वर येतो. फरक जवळजवळ चोपन्न हजार. पण 400 लोक आले तर? दुसरीकडचा खर्च 4,20,700 होतो आणि पहिलं कार्यालय दोन हजारांनी स्वस्त पडतं. वरवर पाहता महाग वाटणारा दर भरल्या मांडवात परवडतो आणि थोडे लोक कमी आले की अंगावर येतो. म्हणून यादीचे ते तीन भाग पुन्हा एकदा काढून बसावं आणि 400 खरोखर होतील का, हे प्रामाणिकपणे ठरवावं. होणार नसतील तर पहिल्या कार्यालयाला एकच गोष्ट मागावी: किमान पाने 325 करा. दर कमी करा म्हणण्यापेक्षा हे मागणं मालकाला मान्य करायला सोपं जातं, विशेषतः तारीख बुधवारची असेल तर.

लेखी उत्तरात कुठल्या गोष्टींवर बोट ठेवायचं, हेही थोडक्यात सांगते. 'सर्व समाविष्ट' एवढंच लिहिलं असेल तर काय समाविष्ट नाही, ते उलट विचारून लिहून घ्यावं. 'वीज मीटरप्रमाणे' असेल तर गेल्या हंगामात एवढ्याच कार्याला साधारण किती युनिट पडले, ते विचारावं. वाढीव पानांचा दर वेगळा लिहिला असेल तर तो मूळ दरापेक्षा जास्त का, हे समजून घ्यावं. शंभर पानं अचानक वाढली तर आचाऱ्यालाही बाजारात धावावं लागतं, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतची वाढ त्याच दराने आणि त्यापुढे जादा दर, ही अट रास्त आहे. केटररचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक कोटेशनवर किंवा बिलावर असायला हवा. नसेल तर मागावा. आणि कोटेशन किती तारखेपर्यंत लागू, हे तळाशी लिहिलेलं असलं पाहिजे. नोव्हेंबरमधल्या लग्नाचा दर एप्रिलमध्ये घेतला तर मधल्या महिन्यांत तेला-तुपाचे भाव हलतात, आणि तारीख न लिहिलेल्या दराला मालक बांधील राहत नाही.

'तारीख मोकळी आहे' आणि 'तारीख धरली आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी सांगितलेली तारीख दुसरा कुणी अ‍ॅडव्हान्स घेऊन आला की जाते, आणि त्यात मालकाला दोष देता येत नाही. म्हणून अ‍ॅडव्हान्सशिवाय तो किती दिवस थांबेल हे विचारायचं आणि तेवढ्याच दिवसांत घरात निर्णय घ्यायचा. अ‍ॅडव्हान्स देताना पावतीवर रकमेबरोबर तारीख, ताब्याच्या वेळा, पानाचा दर आणि किमान पाने लिहून घ्यावीत. कार्य रद्द झालं किंवा तारीख पुढे गेली तर किती पैसे परत मिळणार, तेही. घरात आजारी माणूस असेल तर ही ओळ आधी वाचावी आणि मालकाशी मोकळेपणाने बोलावं. तारीख बदलली तर अ‍ॅडव्हान्स नव्या तारखेला वळवून द्यायला अनेक मालक तयार होतात. रोख परत द्यायला तितके होत नाहीत.

शेवटी जिथे ठरलं नाही, त्यांनाही त्याच दिवशी कळवावं. "आमचं दुसरीकडे ठरलं आहे, 29 तारीख आमच्यासाठी धरून ठेवू नये, आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार." तुमच्यासाठी ती तारीख अडवून ठेवलेली असते, आणि त्याच रविवारी मुहूर्त निघालेलं आणखी एखादं घर त्या फोनवर थांबलेलं असतं.